जिभेखालची गोळी आणि पाच मिनिटांचं घड्याळ

आज आपण एका इवल्याशा गोळीबद्दल बोलणार आहोत. आपल्या मुकुंदवाडीत किती तरी घरांत ही गोळी आहे. कुणाच्या सासऱ्यांच्या खिशात आहे, कुणाच्या आईच्या बटव्यात आहे, कुणाच्या देवघरातल्या डबीत आहे. छातीत दुखू लागलं की जिभेखाली ठेवायची गोळी. बहुतेक जणी तिला ‘सॉर्बिट्रेट’ म्हणून ओळखतात. ते कंपनीचं नाव झालं. आतल्या औषधाचं नाव आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. काही जणांना डॉक्टर नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा जिभेखाली मारायचा फवारा देतात. औषधं एकाच घराण्यातली, कामही एकच.

गटाच्या बैठकांमध्ये आरोग्याचा विषय निघाला की मी विचारते, घरात ही गोळी कुणाकुणाकडे आहे? बरेच हात वर येतात. मग विचारते, गोळी दिल्यावर घड्याळ कोण बघतं? तेव्हा हात खाली जातात. आजचं बोलणं त्या घड्याळासाठी आहे. गोळी कुठे ठेवायची हे ऐकून माहीत असतं, पण ती ठेवल्यावर किती थांबायचं आणि थांबणं केव्हा सोडायचं, हे घरात ठरलेलं नसतं. आणि जीव जातो तो बहुतेक वेळा या थांबण्यातच.

आधी ही गोळी करते काय, ते समजून घेऊ. आपलं हृदय म्हणजे एक स्नायू. तो रात्रंदिवस रक्त ढकलतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. या वाहिन्या आतून अरुंद झाल्या की बसल्या जागी भागतं, पण जिना चढताना, हंडा उचलताना हृदयाला जास्त रक्त हवं असतं आणि ते पुरत नाही. मग छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतं. याला डॉक्टर अंजायना म्हणतात. काम थांबवलं की दोन-चार मिनिटांत ते ओसरतं.

गोळी अंगातल्या रक्तवाहिन्या सैल करते. मुख्य म्हणजे शिरा सैल झाल्या की रक्त हातापायांत, पोटात थोडं थबकतं, आणि हृदयाकडे एकदम परत येणारं रक्त कमी होतं. भरलेली घागर अर्धी केल्यासारखं हृदयाचं ओझं हलकं होतं. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्याही थोड्या रुंदावतात. म्हणून दुखणं कमी होतं.

पण एक गोष्ट ही गोळी करत नाही. वाहिनीत रक्ताची गुठळी अडकून रस्ता पूर्ण बंद झाला असेल, म्हणजेच हार्ट अटॅक आला असेल, तर ही गोळी ती गुठळी विरघळवत नाही. ते काम दवाखान्यातल्या इंजेक्शनचं किंवा अँजिओप्लास्टीचं. तोवर पुढचा स्नायू रक्तावाचून मरत राहतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून गोळी देऊन ‘बघू जरा’ म्हणत घरी बसणं धोक्याचं. गोळी आराम देते आणि आपल्याला एक खूण देते. ती खूण वाचायची कशी, तेच आता सांगते.

गोळी जिभेखालीच का?

जिभेखालची त्वचा अगदी पातळ असते. आरशात जीभ वर करून पाहा, निळसर शिरा दिसतील. तिथे ठेवलेली गोळी विरघळून थेट त्या शिरांत जाते आणि तिथून हृदयाकडे. तीच गोळी गिळली तर ती पोटातून आधी यकृतात जाते, आणि यकृत त्यातलं बरंचसं औषध वाटेतच मोडून टाकतं. उरलेलं पोचायलाही उशीर लागतो. जिभेखाली ठेवलेल्या गोळीचा असर साधारण दोन ते पाच मिनिटांत सुरू होतो.

म्हणून गोळी चघळत फिरवायची नाही, पाण्याबरोबर घ्यायची नाही, जिभेवर ठेवायची नाही. जीभ वर उचलायची, गोळी खाली ठेवायची, तोंड मिटायचं. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, आणि साठलेली लाळ लगेच गिळून टाकायची नाही. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात गोळी तशीच पडून राहते. म्हणून गोळी ठेवण्याआधी पाण्याचा एक घोट देऊन तोंड ओलं करायचं. पाणी आधी, गोळी नंतर.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. तोंडात मिश्री असते, तंबाखूची गोळी असते, पान असतं. ते आधी थुंकून चूळ भरायची. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. एकीकडे आवळायचं आणि दुसरीकडे सैल करायचं, असं होऊ द्यायचं नाही.

गोळी ठेवल्यावर कुणाला जिभेखाली थोडं चुणचुणतं, कुणाला नाही. चुणचुणलं नाही म्हणून गोळी खराब आहे असं समजू नका. डोकं मात्र बऱ्याच जणांचं ठणकतं, तोंड लाल होतं, कानशिलं तापतात. डोक्यातल्या वाहिन्याही सैल झाल्या, त्याचं ते लक्षण. थोड्या वेळाने जातं. डोकं दुखतं म्हणून गोळी ‘गरम पडली’ असं म्हणत पुढच्या वेळी टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. टाळू नये, डॉक्टरांना सांगावं.

ही डोकेदुखी फार जुनी आहे बरं का. नायट्रोग्लिसरीन म्हणजे सुरुंगाच्या डायनामाइटमधलं द्रव्य. ते १८४७ साली इटलीत तयार झालं तेव्हा तयार करणाऱ्या सोब्रेरोंनी जिभेला लावून पाहिलं आणि त्यांचं डोकं ठणकलं. पुढे १८७९ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी अगदी अल्प प्रमाणात ते छातीच्या दुखण्यावर देऊन त्याचे अनुभव छापले. डायनामाइट शोधणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या दिवसांत हृदयाच्या आजारावर हेच औषध सांगितलं गेलं. गोळीतलं प्रमाण मिलिग्रॅममध्ये असतं आणि ते इतर पदार्थांत मिसळलेलं असतं, त्यामुळे स्फोटाबिटाची काळजी नको.

बसवायचं का, झोपवायचं का?

बसवायचं. याचं कारण मघाशी सांगितलं त्यातच आहे. शिरा सैल झाल्या की रक्त खाली पायांत थबकतं आणि रक्तदाब उतरतो. माणूस उभा असेल तर डोक्याला रक्त कमी पडून भोवळ येते. मोरीत, जिन्यावर, ओट्यापाशी भोवळ आली तर छातीचं बाजूला राहून डोकं फुटायचं. म्हणून गोळी उभ्याने कधीही घ्यायची नाही. रस्त्यात असाल तर दुकानाच्या पायरीवर बसा, बसमध्ये असाल तर उठून जागा मागा, पण बसा.

सपाट झोपवलं तर पायांकडचं रक्त उलट हृदयाकडे जास्त येतं आणि त्याचं ओझं वाढतं. दम लागत असेल तर झोपल्यावर तो आणखी वाढतो. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे जमिनीवर सतरंजी टाकून भिंतीला पाठ टेकवून बसवायचं. गुडघे थोडे वर घेतले तरी चालतं. जमिनीवर बसलेलं माणूस पडलं तरी फार लागत नाही. ब्लाउजचे हूक, साडीची गाठ, पट्टा सैल करा. खिडकी उघडा.

यात एकच फरक लक्षात ठेवा. गोळीनंतर डोळ्यांसमोर अंधारी आली, हातपाय गार पडले, माणूस पांढरंफटक झालं, तर रक्तदाब जास्त उतरला आहे. तेव्हा आडवं करून पायांखाली दोन उशा द्यायच्या, आणि पुढची गोळी द्यायची नाही.

आता घड्याळ

गोळी जिभेखाली गेली की पहिलं काम म्हणजे वेळ बघायची आणि लिहून ठेवायची. कॅलेंडरच्या कडेला लिहा, हातावर लिहा. ‘आत्ताच दिली’ असं प्रत्येक जण म्हणतं आणि तेवढ्यात वीस मिनिटं निघून जातात.

पाच मिनिटं थांबायचं. पाच मिनिटांत दुखणं पूर्ण गेलं तर बसूनच राहायचं, लगेच कामाला लागायचं नाही, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

पाच मिनिटांनी दुखणं तसंच आहे किंवा वाढलं आहे, तर आधी १०८ ला फोन. दुसरी गोळी देऊन तिचा गुण बघू, मग फोन करू, असं नाही. एकीने फोन लावायचा, दुसरीने दुसरी गोळी द्यायची. आणखी पाच मिनिटांनीही दुखत असेल तर तिसरी. पंधरा मिनिटांत तीन, त्याच्यावर चौथी नाही. दुसरी आणि तिसरी गोळी द्यायची ती माणूस शुद्धीवर असेल, भोवळ नसेल तरच. पहिल्या गोळीने बराच आराम पडला पण थोडं दुखणं उरलं, तर पाच मिनिटांनी दुसरी देता येते. मात्र तिसरीनंतरही पूर्ण थांबलं नाही तर तेव्हाही १०८.

तुमच्या माणसाला डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, एकच गोळी घ्या म्हणाले असतील, तर त्यांचं ऐका. म्हणूनच पुढच्या तपासणीला गेल्यावर चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून मागा : किती मिलिग्रॅमची गोळी, किती मिनिटांनी परत, जास्तीत जास्त किती. ती चिठ्ठी गोळीच्या पाकिटासोबतच ठेवा.

आता हे सगळं एका घरात कसं घडेल ते पाहू. समजा, चौसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. शुगर आहे, हृदयाचं औषध चालू आहे, जिभेखाली ठेवायला ५ मिलिग्रॅमची गोळी दिलेली आहे. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी तुम्हाला काय सांगू? २०१९ मध्ये मुकुंदवाडीतली लेकरं रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनवरून पाणी आणायची, हे आपण विसरलेलो नाही. तर पाणी आलं की घरात सगळ्यांची धांदल असते. सासूबाईंनीही कळशी उचलली आणि जिन्यावरच छाती आवळून आली.

पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. सून कळशी खाली ठेवायला लावते आणि त्यांना तिथेच, वरच्या पायरीपासून आत ओढून भिंतीशी बसवते. खोलीतल्या पलंगापर्यंत चालवत नेत नाही. तोंडात मिश्री आहे, चूळ भरायला लावते. त्यातच तोंड ओलं होतं. बटव्यातलं पाकीट काढून नाव आणि तारीख बघते, गोळी जिभेखाली ठेवते. कॅलेंडरवर लिहिते : ५.४२.

५.४७. ती विचारते, ‘आई, दहापैकी किती दुखतंय?’ आधी आठ होतं, आता सात. याचा अर्थ गोळीने काम केलं नाही असा धरायचा. कपाळावर घाम आला आहे. मुलगा १०८ ला फोन लावतो, पत्ता सांगतो, गल्लीच्या तोंडाशी कुणाला तरी उभं करतो. सासूबाई नीट बोलताहेत, भोवळ नाही, म्हणून दुसरी गोळी. कॅलेंडरवर दुसरी वेळ.

५.५२. दुखणं चारवर आलं, पण सासूबाई म्हणतात, डोळ्यांसमोर काळं काळं होतंय. सून तिसरी गोळी देत नाही. त्यांना आडवं करते, पायांखाली उशा देते. दुखणं थोडं कमी झालं म्हणून रुग्णवाहिका परत पाठवत नाही. रुग्णवाहिकेतले डॉक्टर आल्यावर ती चार वाक्यं सांगते : दुखणं ५.४० ला सुरू झालं, दोन गोळ्या दिल्या ५.४२ आणि ५.४७ ला, दुसरीनंतर अंधारी आली, शुगर आहे आणि ही रोजची औषधं. एवढ्यावर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की अँजिओप्लास्टीला न्यायचं, हे ईसीजी आणि दुखणं सुरू झाल्याची वेळ पाहून ठरतं. दुखणं सुरू झाल्यापासून जितक्या लवकर इलाज, तितका जास्त स्नायू वाचतो.

या सगळ्यात बारा मिनिटं गेली. हेच घर घड्याळाशिवाय असतं तर काय झालं असतं, तुम्हीच आठवा. आधी पलंगावर झोपवलं असतं, मग सोडा दिला असता, मग पाठीला बाम चोळला असता, मग मुलाला कंपनीतून बोलावलं असतं.

गोळीची वाटच बघायची नाही, असं केव्हा?

काही वेळा पाच मिनिटंही थांबायचं नसतं, सरळ १०८. ज्या माणसाला हृदयाचा आजार आहे असं कधी सांगितलेलंच नाही, त्याला पहिल्यांदाच असं दुखलं. बसल्या जागी किंवा झोपेतून उठवून दुखलं. दुखण्याबरोबर दरदरून घाम, दम, उलटी, किंवा दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरतं आहे. नेहमीपेक्षा जास्त दुखतंय, किंवा थोड्याशा कामानेही रोज दुखायला लागलंय. यात ज्याची गोळी ठरलेली आहे त्याने ती घ्यावी, पण फोन लावून.

आपण बायकांनी यात आणखी एक जाणून घ्यायला हवं. आपल्यालाही छातीत दुखतंच, पण कधी कधी ते ठळक नसतं. नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते, अंगातलं त्राण गेल्यासारखं होतं. शुगर असलेल्या बाईला तर दुखणं फारच कमी जाणवू शकतं. आपण त्याला पित्त म्हणतो, गॅस म्हणतो, आणि स्वयंपाक उरकून मग पडते म्हणतो. चालताना येतं आणि थांबल्यावर जातं, असं ‘पित्त’ डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि या गोळीवरून आजार ओळखता येत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. ‘गोळीने थांबलं म्हणजे हृदयाचंच’ किंवा ‘गोळीने थांबलं नाही म्हणजे गॅसच’ ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. अन्ननलिकेला पेटका आला असेल तर तोही या गोळीने सुटतो. आणि खऱ्या हार्ट अटॅकचं दुखणंही गोळीने थोडा वेळ कमी होऊ शकतं. नक्की काय आहे ते ईसीजी आणि रक्ताची तपासणी सांगते.

कुणाला द्यायची नाही

शेजारच्या काकूंच्या छातीत दुखतंय म्हणून आपल्या सासऱ्यांची गोळी नेऊन द्यायची नाही. ही माया घातक ठरू शकते. हार्ट अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूला बसला असेल तर ते हृदय परत येणाऱ्या रक्तावरच तगून असतं, आणि गोळीने तेच रक्त कमी होऊन रक्तदाब धाडकन कोसळतो. हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. ज्याचा वरचा रक्तदाब ९० च्या खाली आहे, जो आधीच चक्कर येऊन पडला आहे, त्यालाही नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही.

दुसरी गोष्ट थोडी संकोचाची, पण सांगायलाच हवी. पुरुष काही वेळा ताकदीच्या गोळ्या घेतात, सिल्डेनाफिल, टाडालाफिल अशा नावांच्या. दुकानातून गुपचूप आणलेल्या असतात. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास जिभेखालची गोळी द्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो. हीच औषधं फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी बायकांनाही दिली जातात, टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात. म्हणून १०८ चे डॉक्टर विचारतील तेव्हा लाजून लपवू नका. घरातल्या पुरुषांनाही हे आधीच सांगून ठेवा.

ॲस्पिरिनची गल्लतही फार होते. हार्ट अटॅकच्या संशयात ॲस्पिरिन चावून गिळायची असते आणि ही गोळी जिभेखाली ठेवायची असते. घाबरून उलटं होतं. ॲस्पिरिन आपल्या मनाने द्यायची नाही, कारण कुणाला त्याची ॲलर्जी असते, कुणाच्या पोटातून रक्त गेलेलं असतं. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल किंवा १०८ वरून सांगितलं, तरच द्यायची.

पाकीट आणि डबी

शेवटी गोळीच्या ठेवण्याबद्दल. आधी पाकीट नीट वाचून घ्या. याच घराण्यातली आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट नावाची गोळी रोज ठरल्या वेळी गिळायची असते. ती हळूहळू दिवसभर काम करते. दुखताना ती जिभेखाली ठेवून उपयोग नाही. नावं सारखी असल्यामुळे दोन्ही एकाच डबीत पडली की घोळ होतो. तसंच ५ आणि १० मिलिग्रॅमची पाकिटंही वेगळी असतात. ज्या पाकिटातली गोळी जिभेखाली ठेवायची, त्यावर लाल पेनाने ‘जिभेखाली’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

गोळ्या पाकिटातून काढून कुंकवाच्या डबीत, कागदाच्या पुडीत ठेवू नका. ऊन, वाफ आणि ओल यांनी त्यांचा जोर जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळचा कप्पा किंवा स्कूटरची डिकी ही गोळीची जागा नव्हे. नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या गडद बाटलीत येते. ती त्याच बाटलीत ठेवायची, कापूस घालायचा नाही, झाकण घट्ट लावायचं, आणि बाटली फोडल्याची तारीख वर लिहायची. किती महिन्यांनी बदलायची ते दुकानदाराला विचारून घ्या. मुदत संपलेलं पाकीट ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून ठेवू नका. अडचणीच्या वेळी नेमकं तेच हाताला लागतं.

आणि गोळी कपाटात कुलपात नको. ती माणसाच्या अंगावर हवी, सासूबाईंच्या बटव्यात, सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात. बाहेरगावी, लग्नकार्यात, वारीतसुद्धा. लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

१०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, त्यात डॉक्टर असतो. ती यायला फारच वेळ लागतोय असं वाटलं तर रिक्षा किंवा गाडी करा, सोबत दोघं जण बसा. पेशंटला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्रीसुद्धा ईसीजी निघतो हे आजच, सगळं शांत असताना विचारून या. आपल्याला मिनी घाटी जवळ, मोठी घाटी पुढे. आधार, रेशनकार्ड, जुने ईसीजी आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगा. फुले योजनेसाठी तीच कागदं लागतात.

घरात ज्यांच्याकडे ही गोळी आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. पाकीट काढा, मुदत बघा, आणि घरातल्या सगळ्यांना, शाळेत जाणाऱ्या लेकरालासुद्धा, चार गोष्टी म्हणून दाखवायला लावा : बसवायचं, जिभेखाली ठेवायची, वेळ लिहायची, पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे, घड्याळ कोण बघतं म्हणून.